दुसरीच्या वर्गात उवा निघाल्या: औषध लावूनही परत का होतात, ते कसं शोधायचं

पालकांनो, आपल्या वर्गात काही मुलांच्या डोक्यात उवा दिसल्या आहेत. घाबरू नका, पोराला घरी बसवू नका, अन् ग्रुपवर "कोणाच्या पोरीकडून आलं" हा शोध तर मुळीच नको. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवते अन् शाळा सुरू झाल्यावर हा विषय दरवर्षी निघतोच. तक्रारही दरवर्षी तीच, "मॅडम, मागच्या महिन्यात तं औषध लावलं होतं, तरी पुन्हा खाजवून राहिली." म्हणून उवा कशा मारायच्या यापेक्षा त्या परत का येतात यावरच जास्त लिहिते, कारण बहुतेक घरी अडतं तिथेच.

आधी लक्षणं. पोर कानामागे अन् मानेवर, जिथे केस सुरू होतात तिथे, सारखं खाजवतं. रात्री झोप मोडते, चिडचिड होते. डोक्यात काहीतरी चालल्यासारखं वाटतं असं मोठी मुलं स्वतःच सांगतात. मानेवर बारीक लाल पुरळ किंवा नखाचे ओरखडे दिसतात. पण खाज नाही म्हणजे उवा नाहीत असं धरू नका. खाज येते ती उवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी म्हणून, अन् पहिल्यांदा उवा झाल्या असतील तर ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडेसुद्धा लागतात, काहींना तर येतच नाही.

आता जरा हिशोब लावा. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. मे महिन्यात सगळी मावस-चुलत भावंडं आजीकडे जमतात, दुपारभर एकाच कूलरसमोर गादीवर ओळीने झोपतात, डोक्याला डोकं लावून मोबाईल पाहतात. उवा तिथेच लागल्या असतील तर खाज सुटणार जूनच्या शेवटी किंवा जुलैत, म्हणजे नेमकी शाळेत. अन् मग सगळे म्हणतात वर्गातून आलं. कधी वर्गातूनच येतं, नाही असं नाही, पण बाकावर शेजारी कोण बसतं हे विचारण्याआधी उन्हाळ्यात पोर कोणाजवळ झोपत होतं ते आठवा अन् त्या घरीही एक फोन करा. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, ती फक्त चालते, म्हणून डोक्याला डोकं लागल्याशिवाय सहसा जात नाही. स्वच्छ अन् अस्वच्छ असा भेदही ती करत नाही, रोज न्हाणाऱ्या पोरीलाही होतात.

बरं, आता एकेक तपासणी, आधी फुकटातली.

सगळ्यात आधी नखाने सरकवून पाहा. केसावर पांढरं काही दिसलं की लगेच मेडिकलवाल्याकडे पळू नका. कोंडा असेल तर बोटाने सरकतो, फुंकर मारली तरी उडतो. लीख केसाला एका बाजूने डिंकासारखी चिकटलेली असते, दोन नखांच्या चिमटीत धरून ओढल्याशिवाय निघत नाही. तेल वाळून खपली धरलेली असते त्यालाही बऱ्याच आया लिखा समजतात. ही तपासणी आधी करायची कारण कोंड्यावर उवांचं औषध लावलं तर कोंडा जात नाही, वरून टाळूची आग होते ते वेगळं.

दुसरं, लीख कुठे आहे ते पाहा. मादी अंडी घालते ती टाळूला लागून, साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या आत, कारण अंड्याला टाळूची ऊब लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे जी लीख टाळूपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब दिसते ती दोन-तीन महिने जुनी आहे अन् बहुधा रिकामं टरफल आहे. गंमत अशी की आपल्या काळ्या केसात चमकून दिसतात त्या पांढऱ्या लिखा बहुतेक या रिकाम्याच असतात, जिवंत अंडं तपकिरी असतं, टाळूजवळ लपलेलं, पटकन दिसतच नाही. पण नुसत्या अंतरावरून नक्की निदान करू नका, आपल्यासारख्या गरम हवेत जिवंत अंडी कधी जरा लांबही सापडतात. नक्की एकाच गोष्टीने कळतं, ती म्हणजे चालणारी ऊ.

ती शोधायला तिसरी तपासणी, ओल्या केसात फणी. कोरड्या केसात नुसतं पाहून फारसं हाती लागत नाही, उजेड पडला की ऊ सरसर लपते. केस धुवा, ओलेच ठेवा, भरपूर कंडिशनर चोपडा, त्याने उवा थोडा वेळ जागच्या जागी थबकतात अन् फणीही सरकते. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल, आपल्या आज्या करायच्या ते हेच. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा, मग बारीक दातांची फणी, स्टीलची मिळाली तर उत्तम, कारण प्लॅस्टिकचे दात वाकतात अन् मधून ऊ निसटते. खांद्यावर पांढरा टॉवेल टाका. डोक्याचे चार भाग करा, एकेक बारीक बट घ्या, फणीचे दात टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा अन् प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसून बघा. सुरुवात कानामागून अन् मानेपासून. लांब केस असतील तर अर्धा तास सहज जातो, तेव्हा टीव्ही लावून द्या अन् पोराला स्टुलावर बसवा.

कापडावर काय निघालं ते नीट बघा, पुढचं सगळं यावरच ठरतं. मोठी ऊ तिळाएवढी असते, करड्या-तपकिरी रंगाची. पिल्लू त्याहून बरंच लहान, जवळजवळ पारदर्शक, हलल्यावरच कळतं. नुसत्या लिखा निघाल्या अन् चालणारं काहीच नाही तर औषध आणू नका, तीन-चार दिवसांनी पुन्हा फणी फिरवा. यातच बरीच घरं सुटतात.

चौथी तपासणी घरातल्या बाकी डोक्यांची, अन् त्याच संध्याकाळी. आई, आजी, बहीण, कामावर येणारी ताई पोराला जवळ घेत असेल तर तीही. बाबांनाही सोडू नका, केस बारीक असले तरी पाच मिनिटं पाहून घ्या. आजी बरेचदा म्हणते, मला काही खाजत नाही, माझ्या डोक्यात काय असणार. तिची समजूत घाला, पण फणी फिरवाच. ज्याच्या डोक्यात चालणारी ऊ निघाली त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध, ज्याच्या निघाली नाही त्याला नाही. "सेफ्टी म्हणून सगळ्यांना लावून टाकू" हे मला पटत नाही, कीटकनाशक आहे ते, हौसेने लावायची गोष्ट नाही.

आता औषध. केमिस्टकडे साधारणपणे मिळतं ते पर्मेथ्रिन १ टक्का, लोशन किंवा क्रीम रिन्स म्हणून. आकडा नीट वाचून घ्या, ५ टक्क्यांची क्रीम खरजेसाठी अंगाला लावायची असते, ती चुकून दिली जाते. केस साध्या शाम्पूने धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, तेल तर नाहीच. टॉवेलने टिपून घ्यायचे, ओलसर राहू द्यायचे. मग लोशन टाळूपासून टोकापर्यंत, कानामागे अन् मानेवर खास. घड्याळ लावून १० मिनिटं. डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरायला सांगा अन् बादलीवर वाकवून कोमट पाण्याने धुवा, अंगावरून आंघोळ घालत धुऊ नका. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नाही. केस कमरेपर्यंत असतील तर एक छोटी बाटली पुरत नाही, अर्ध्या केसांना लागलं तर अर्ध्याच उवा मरतात.

तेलाचं परत सांगते कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. डोक्यात तेल असताना लोशन लावलं तर ते केसाला नीट लागत नाही. तेल लावून फणी फिरवणं वेगळं अन् औषध लावणं वेगळं, दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर आधी तेल शाम्पूने पूर्ण काढा.

आता मुख्य मुद्दा, परत का होतात. मागे एका मुलीच्या आईने तीन वेळा औषध लावलं होतं, दर महिन्याला एकदा. पोरगी दोन घट्ट वेण्या घालून यायची, आई कामावर जायची, पोरगी झोपायची आजीजवळ. आईचा राग वर्गावर, "मी साफ करून पाठवते अन् इथून परत घेऊन येते." तिला मी एवढंच विचारलं की औषध लावल्यावर आठवड्याने पुन्हा लावलं का. नाही, कशाला, उवा तर मेल्या होत्या. हे तिचं बरोबरच होतं, उवा मेल्या होत्या, अंडी नाही. पर्मेथ्रिनने चालत्या उवा मरतात पण सगळी अंडी मरत नाहीत. अंडं सात ते दहा दिवसांत फुटतं, पिल्लू पुढच्या नऊ ते बारा दिवसांत मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागतं, दिवसाला सहा-आठ. म्हणजे तीन आठवड्यांत नवी पिढी तयार अन् महिन्याने पुन्हा खाज. प्रत्येक वेळी वाटतं शाळेतून आल्या, असतात त्या घरच्याच. दुसरा डोस या मधल्या फटीत टाकायचा असतो, बहुतेक अंडी फुटलेली पण एकही पिल्लू अजून अंडी घालण्याएवढं झालेलं नाही अशा वेळी. ती वेळ म्हणजे साधारण नववा दिवस.

त्या आईला कॅलेंडरवर पेनाने खुणा करून दिल्या, त्याच इथे देते. रविवार हा पहिला दिवस, फणी अन् लोशन. गुरुवारी, पाचव्या दिवशी, नुसती कंडिशनरची ओली फणी. पुढच्या सोमवारी, नवव्या दिवशी, लोशन दुसऱ्यांदा. शुक्रवारी, तेराव्या दिवशी, पुन्हा फणी. अन् त्यापुढच्या मंगळवारी, सतराव्या दिवशी, शेवटची तपासणी, काही निघालं नाही तर सुटलो. सोमवारी शाळेच्या घाईत जमत नसेल तर रविवारी रात्री लावा, एका दिवसाने बिघडत नाही, पण "पुढच्या महिन्यात बघू" नको. त्या पोरीच्या घरी पहिल्या रविवारी आजीच्या डोक्यातूनही उवा निघाल्या, चांगल्या सहाएक मोठ्या, त्यामुळे आजीलाही तेच कॅलेंडर. शेवटच्या मंगळवारी दोघींच्या फणीवर काही नव्हतं.

याच फणीवरून बिघाड कुठे आहे तेही कळतं. पाचव्या दिवशी अन् नंतर फक्त बारीक पिल्लं निघाली तर काळजी नको, अंडी फुटली, दुसऱ्या डोसची वाट पाहा, म्हणून तर तो ठेवलाय. औषध लावल्यावर ८ ते १२ तासांनी उवा दिसतात पण मरगळलेल्या, हळूहळू चालणाऱ्या, तर औषध काम करून राहिलंय, लगेच दुसरी बाटली ओतू नका, फणीने काढून टाका. पण त्याच वेळेला मेलेली एकही नाही अन् मोठ्या उवा पहिल्यासारख्याच सरसर पळतात तर दोनच शक्यता. एक तर लावण्यात चूक झाली, तेल होतं, लोशन कमी पडलं, १० मिनिटं झाली नाहीत. नाहीतर उवांवर ते औषध चालत नाही, असंही होतं, बऱ्याच ठिकाणच्या उवा पर्मेथ्रिनला दाद देत नाहीत. अन् तिसरा प्रकार, दोनदा फणी कोरी निघाली अन् मग अचानक एखादी पूर्ण वाढलेली मोठी ऊ, तर ती बाहेरून आली, मग बहिणीचं, मैत्रिणीचं, ट्युशनमधल्या शेजारणीचं डोकं पाहायला सांगायचं. तेव्हा मलाही कळवा, मी नाव न घेता वर्गाला निरोप देईन.

औषध झाल्यावरही काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडेही खाज राहते, ती त्वचेची असते, उवेची नाही. ते पाहून तिसरा डोस देऊ नका.

घराचं काम थोडंच आहे. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला रक्त लागतं. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, टॉवेल, टोप्या, स्कार्फ गरम पाण्यात धुवा अन् कडक वाळवा. कंगवे-फण्या १० मिनिटं कढत पाण्यात. जे धुता येत नाही, मऊ खेळणी वगैरे, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून दोन आठवडे ठेवा. सोफ्यावर स्प्रे, पेस्ट कंट्रोल, गाद्या फेकणं, यातलं काहीच लागत नाही.

काय करायचं नाही हे मात्र जरा जोर देऊन सांगते. रॉकेल कधीच नाही, कोणी काही म्हणो. त्याने टाळू भाजते, नाकातोंडात वास जातो, अन् शेगडीजवळ पोर गेलं तर पुढचं सांगायला नको. मुंग्या-झुरळांचे खडू, पावडर, स्प्रे डोक्यावर नाही. तेलात कापूर घालून चोळायची पद्धत आहे, लहान पोरांच्या पोटात कापूर गेला तर फिट येऊ शकते, त्यामुळे तोही नको. अन् सीताफळाच्या बिया. मोसमात घरोघरी वाळवून कुटून ठेवतात अन् पावडर डोक्याला लावतात, उवा मरतातही, पण ती पावडर डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, भयंकर आग अन् लाली, नजर धूसर होते. केस धुताना ओघळ डोळ्यात जाणारच, लहान पोर डोळे मिटून किती वेळ बसेल. गेलीच तर डोळा न चोळता साध्या स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धूत राहा अन् थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, घरचा ड्रॉप नको. मुंडण करायचीही गरज नाही, सहा-सात वर्षांच्या पोरीला त्याचं किती वाईट वाटतं ते मी वर्गात पाहते.

शाळेत पाठवायचं का? हो. संध्याकाळी घरी उपचार सुरू करा अन् दुसऱ्या दिवशी पाठवा, लिखा उरल्यात म्हणून कोणाला घरी ठेवायचं कारण नाही, कारण लीख चालत जात नाही. केस मोकळे नको, वेण्या किंवा अंबाडा. मीही वर्गात कंगवे-हेअरबँड अदलाबदल करू देत नाहीये अन् चित्रं काढताना डोकी जरा लांब ठेवतेय.

आता घरचं थांबवून डॉक्टर कधी. कॅलेंडरप्रमाणे दोन्ही डोस नीट लावले अन् तरी सतराव्या दिवशी मोठ्या उवा चालतायत, तर तिसरी बाटली किंवा दुसऱ्या कंपनीचं तेच औषध आणू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा, वेगळ्या प्रकारची औषधं असतात, काही पोटातली, ती वजन पाहून द्यायची असतात, केमिस्टला विचारून घ्यायची नाहीत. टाळूवर पू, पिवळी खपली, दुर्गंधी, मानेवर-कानामागे गाठी किंवा ताप असेल तर लोशन लावायच्या आधीच जा, आधी ते इन्फेक्शन बरं करावं लागतं. पापण्यांच्या केसात उवा-लिखा दिसल्या तर तिथे हे लोशन अजिबात नाही, डॉक्टरच. दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, दम्याचं पोर, त्वचेचा जुना आजार, यांच्यासाठी आधी विचारूनच, तोवर ओली फणी चालते, ती सगळ्यांना चालते. अन् खाज डोक्यात नाही, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, पोटावर अन् रात्री जास्त, तर ती उवांची नाही, खरूज असू शकते, तिचा उपचार पूर्ण वेगळा.

खर्चाचा प्रश्न असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावा. जाताना कोणतं औषध कोणत्या तारखेला लावलं ते कागदावर लिहून न्या, रिकामी बाटली न्या, अन् फणीवर निघालेली एखादी ऊ पारदर्शक सेलोटेपखाली चिकटवून न्या.